सहा दहाचं लास्ट सीन

खोटं कशाला बोलू, हा उद्योग माझाच. ताईचा फोन घेऊन तिचं व्हॉट्सअॅपवरचं लास्ट सीन मीच बंद केलं.

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. ताई माझी सख्खी बहीण नव्हे, कामावरची मोठी; ती खिडकीपाशी बसून मेणात दात लावते, मी पलीकडे पॉलिश करते. तिचं काम इतकं बारीक की तिने केलेली कवळी घातलेला माणूस हसला तरी कळत नाही. पण कवळ्या मागवणाऱ्या डॉक्टर लोकांनी तिचा जीव खाल्ला होता. 'रात्री तुम्ही ऑनलाइन होतात, मग उत्तर का नाही?' सोमवारी मला राग आला. मी सेटिंगमध्ये जाऊन 'कोणालाही नाही' केलं, ऑनलाइनही त्याच्यासारखंच ठेवलं, आणि वर तिला ऐकवलं की आता सुखाने जग.

बुधवारी ताईने एका कवळीत उजवा सुळा डावीकडे बसवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी चिडवणार होते, पण तिचा चेहरा बघून 'काय झालं?' एवढंच विचारलं. मग ती बोलली.

तिचा धाकटा भाऊ चार तासांवरच्या गावी एकटा राहतो. इन्सुलिनवर आहे. साखर एकदम उतरते, एकदा स्वयंपाकघरात बेशुद्ध पडलेला तिलाच सापडला. तेव्हा तो शाळेची बस चालवायचा. ताईने शाळेला कळवलं, आणि त्याची नोकरी गेली. आता माझ्यावर नजर ठेवू नकोस, म्हणाला. त्याला दीड वर्ष झालं. आता तो एका लाँड्रीत कामाला जातो, आणि हिचे फोन उचलत नाही.

ताईने नजर ठेवलीच. रोज सकाळी त्याच्या नावाखाली 'लास्ट सीन ६:१०' दिसायचं. म्हणजे उठला, शुद्धीवर आहे. मग ही चहा ठेवायची. मंगळवारपासून नावाखाली काहीच नव्हतं.

"त्याने मला तोडलं," ती म्हणाली. "किंवा आत पडलाय."

तिला सांगावंच लागलं की हे त्याने नाही, मी केलंय. आपलं लास्ट सीन लपवलं की दुसऱ्याचंही आपल्याला दिसत नाही, ही व्हॉट्सअॅपची अटच आहे. मला ठाऊक होतं, पण दुसऱ्याचं बघून कोण जगतं, असं मला वाटलं होतं. फक्त डॉक्टरांनाच वगळायची सोय होती. मग त्यांचं तेवढं तिला दिसलं नसतं, आणि त्यावाचून तिचं काय अडत होतं? पण एकेक डॉक्टर निवडायचा मला कंटाळा आला होता.

तिथल्या तिथे बदललं. सगळे डॉक्टर वगळले, बाकी उघडं. भावाच्या नावाखाली लगेच अक्षरं उमटली: काल सकाळी ६:१०.

काल. आज नाही.

ताईने फोन केला, मी माझ्या फोनवरून केला. रिंग जात राहिली. मेसेज टाकून उपयोग नव्हता, कारण त्याने निळ्या टिका कधीच्या बंद केल्या होत्या. वाचलं तरी टिका करड्याच राहणार, आणि दोन टिका म्हणजे फक्त मेसेज फोनपर्यंत पोचला एवढंच. तेव्हा मला आठवलं, व्हॉइस मेसेजला ती सवलत नाही. ऐकला की त्यावरचा माइक निळा होतोच, टिका बंद असल्या तरी. तू बोल, मी म्हटलं.

दीड वर्षात ती त्याच्याशी बोलली नव्हती. मेणाचा हात फडक्याला पुसला आणि तिने बटण दाबलं.

"मी आहे. काही विचारत नाही. ऐकलंस तरी पुरे."

दहा वाजता पाठवला. साडेअकराला माइक करडा, बाराला करडा. मी मशीन बंद ठेवलं होतं. मालकाने विचारलं तर पट्टा सुटला म्हणून सांगितलं. ताईने एसटीची वेळ विचारून घेतली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. मी मनातल्या मनात स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

एक वाजून सात मिनिटांनी माइक निळा झाला.

ताई रडली नाही. वर 'टाइप करत आहे' आलं, गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. टाइप करणं लपवायची सोय तिथे नाही, देवाची कृपा. चौथ्यांदा मेसेज आला आणि तिने तो मला वाचायला दिला, कारण तिला चष्म्यातून दिसेना.

"कामावर फोन लॉकरमध्ये असतो. मला कुठे लागतं व्हॉट्सअॅप? तू बघतेस म्हणून सकाळी उघडायचो. काल तुझंच दिसेना. वाटलं, बघायचं सोडलंस. मग आज नाही उघडलं."

त्याखाली आणखी एक ओळ आली. "सकाळची साखर एकशे बारा."

ताईने फोन परत घेतला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहायला लागली. तिकडे त्यालाही ते दिसत असणार, म्हणून मी तिला घाई केली नाही.