शकुंतलाबाईंची पुसलेली कढई

केशोरीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शकुंतलाबाई मेश्राम पोरांसाठी रांधायच्या. बारा वर्षं झाली. बाई तोंडानं फटकळ. भात उरवणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर झाडायच्या आणि मग त्याच्याच ताटात वरणाची जास्त वाटी ओतायच्या. अक्षरओळख सहीपुरती, पण ऐकलेलं कधी विसरायच्या नाहीत.

तिसरीतल्या खुशीला शेंगदाणा चालत नसे. चालत नसे म्हणजे जिवावरच बेतायचं. तिच्या आईनं, अल्कानं, नागपूरच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं बाहेरच्या देशातून दोन इंजेक्शनं मागवली होती. पेनासारखी, आत औषध आधीच भरलेलं. ती घेऊन अल्का शाळेत आली, सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद. कोणती लक्षणं दिसली तर काय करायचं, हे त्यात पायरीपायरीनं होतं. रोशन सरांनी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि सरावासाठीच्या बिनसुईच्या खोट्या पेनावर प्रत्येकाकडून सराव करून घेतला. मुख्याध्यापकांचा जीव कुलपात. एवढी महागाची वस्तू कपाटात ठेवू म्हणाले. अल्कानं हात जोडले. उन्हात नको, फ्रिजमध्ये नको आणि कुलपात तर मुळीच नको, ती म्हणाली. शेवटी इंजेक्शनांची पिशवी ऑफिसातल्या खिळ्याला लागली, कागद भिंतीला.

खुशीला घरून डबा द्यायचं ठरत होतं. पण पोरीला पंगतीत सगळ्यांसारखं ताट हवं होतं. तिचं रडणं शकुंतलाबाईंना बघवेना. तिची भाजी मी वेगळी रांधीन, त्या म्हणाल्या, आणि दीड वर्ष रांधली.

त्या शनिवारी एका सरांच्या निरोपाचा चिवडा होता. बाईंनी लोखंडी कढईत दाणे परतले. मग कढई पुसली आणि तिच्यातच खुशीची आलूची भाजी टाकली. आपल्याकडं लोखंडी कढई धुवायची कुणाची पद्धत? धुतली की गंज धरतो, म्हणून आईनं शिकवल्याप्रमाणं त्या फडक्यानं पुसायच्या. मनात कसली शंकाच आली नाही.

चार घास झाले आणि खुशी गळ्याकडं हात नेऊ लागली. ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, मग खोकला थांबेना आणि आवाज घोगरा झाला. रोशन सर घाबरले. वाचून दाखवणारे तेच, पण त्या क्षणी सगळं विसरले. मोटरसायकल काढतो, मधात बसवून दवाखान्यात नेऊ, म्हणत किल्ली शोधू लागले. गावात आजवर प्रत्येक आजारी माणूस असाच गेला होता.

"गाडी नाई, सर," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आधी इंजेक्शन. आवाज बसला म्हंजे वाट पाहाची नाई, तुमीच वाचलं होतं."

त्यांनी खुशीला तिथंच सतरंजीवर निजवलं, पाय भाताच्या पालथ्या पातेल्यावर टेकवले. पिशवी आणवली, निळं टोपण काढलं, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, सलवारीवरूनच, कच्चकन दाबलं. टक्क आवाज झाला. तीन मोजून पेन काढला. मग सरांना १०८ लावायला सांगितलं आणि वेळ फळ्यावर लिहायला लावली. पोरगी उठून उभी राहू बघत होती, तिला उठू दिलं नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं द्यायचं, म्हणून दुसरा पेन हातात घेऊन बसल्या. चौथ्या मिनिटाला खोकला ओसरला, तोंडावर रंग आला. १०८ची गाडी आली तेव्हा खुशी पाणी मागत होती. तरीही तिला दवाखान्यात नेलंच, कारण बरं वाटलं तरी त्रास पुन्हा उलटू शकतो, असं त्याच कागदावर होतं.

दवाखान्याच्या ओसरीत अल्का धावत आली. सगळे बाईंची वाहवा करत होते. बाईंना ते ऐकवेना; दाण्यांनंतर नुसती पुसलेली कढई त्यांना आता आठवली होती. हे सांगितलं तर काम जाईल, ते त्यांना ठाऊक होतं. आणि काम गेलं तर गेलं, पण या पोरीला आता पंगतीतून उठवतील, हे त्यांना जास्त लागत होतं. तरी त्या बोलल्या.

"चूक मीनं केली, मॅडम. दाण्याची कढई धुतली नाई, नुसती पुसली."

अल्का तशीच वळली. डॉक्टरांकडं गेली, परत आली, पुन्हा गेली. शकुंतलाबाई पायरीवर बसून राहिल्या.

सोमवारी त्या शाळेत आल्या त्या स्वयंपाकखोलीच्या किल्ल्या परत करायच्या तयारीनंच. अल्का आधीच आली होती. भिंतीवरच्या कागदाखाली तिच्या हातानं एक नवी ओळ लिहिली होती, ती तिनं वाचून दाखवली: खुशीची भांडी वेगळी, साबणानं धुतलेली.

"तुमी सांगितलं नसतं तर आमी अजूनही कारणच शोधून राहिलो असतो," अल्का म्हणाली. "खुशी पंगतीतच जेवील. आणि तुमच्याच हातचं."

शकुंतलाबाईंनी किल्ल्या पुन्हा कमरेला खोचल्या. त्या आत गेल्या, चूल पेटवली, आणि डोळ्यांना पदर लावून खुशीची भाजी सगळ्यांच्या आधी चढवली.