एकाच फ्लॅटचे दोन दलाल

अकोल्याहून माझी अमरावतीला बदली झाली तेव्हा लेकीची शाळा उघडायला पंधरा दिवस उरले होते. नवरा नोकरीपायी अकोल्यातच राहणार होता. घर मलाच शोधायचं होतं, तेही रोज एसटीनं येऊन-जाऊन.

एका वयस्कर दलालानं मला स्कूटरवर बसवून भर उन्हात नऊ घरं दाखवली. नववं घर मनात भरलं. त्याचं कमिशन एक महिन्याचं भाडं, इथला रिवाजच तो. "दोन दिवसांनी सांगते," म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी एका तरुण दलालानं नेमका तोच फ्लॅट दाखवला. आधी पाहिल्याचं मी बोलले नाही. तो म्हणाला, "म्याडम, मले अर्धाच महिना द्या. फक्त कोणाले सांगू नका." मी पैसे दिले. म्हाताऱ्याचे फोन उचलणं सोडलं. रस्त्यावर स्कूटर दिसली, तरी मी बाजूच्या गल्लीत वळायचे.

सामानाचा टेम्पो दारात लागला, तेव्हा म्हातारा फाटकापाशी उभा होता. आवाज चढवला नाही त्यानं.

"घर म्या दाखवलं ना, ताई? मंग फोन काहून नाही उचलला?"

"पैसे मी दुसऱ्या दलालाला दिले," मी म्हणाले. हमाल थांबले. लेक माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात घरमालकीणबाई खाली आल्या. निवृत्त शिक्षिका, बोलणं रोखठोक.

"तुमी त्या पोराले पैसे दिले?" त्यांनी विचारलं. "मी तर त्याले पूर्ण महिना दिला. भाडेकरूकडून काही घेणार नाही, असं कबूल केलं होतं त्यानं!"

दोन्हीकडून घेतले होते तर. किल्ली मुठीत धरून बाई म्हणाल्या, "हे निस्तरल्याबिगर सामान चढणार नाही." टेम्पोवाला वेटिंगचे पैसे मागू लागला. परत अकोल्याला जावं लागलं तर, या विचारानं मी त्याला थोडं थांबायची विनवणी केली.

बाईंनी फोन केल्यावर तरुण दलाल आला. "दोन्ही पार्टीकडून घेतातच की, सगळेच घेतात," तो म्हणाला.

"घेतात, पण सांगून घेतात," म्हातारा म्हणाला. "अन् दुसऱ्यानं घर दाखवलेलं गिऱ्हाईक असं लपवून नेत नाहीत."

बाईंनी पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा पोरानं माझा अर्धा महिना परत केला. बाईंचा महिना मात्र त्यानं ठेवून घेतला. मी त्या पैशांत उरलेला अर्धा घातला आणि म्हाताऱ्यापुढे धरला. "चूक माझीही आहे, काका. मी आधी पाहिलं होतं, हे लपवलं."

त्यानं नोटा न मोजता खिशात टाकल्या. "सांगितलं असतं तं म्याच कमी केले असते," एवढंच बोलून त्यानं स्कूटरला किक मारली.

बाईंनी किल्ली दिली. लेकीनं जिन्यात हळूच विचारलं, "आई, तू का नाही सांगितलंस त्या आजोबांना?" मी पुढे झाले आणि कुलूप उघडत राहिले.