दर दहावी खोली

माझ्या पहिल्या सर्व्हेचा पहिला कागद मॅडमनी माझ्यासमोर लाल केला होता. आठ प्रश्नांतले पाच खोडले. दादरच्या आमच्या छोट्याशा संशोधन संस्थेत मी मॅडमच्या हाताखाली सहा महिन्यांसाठी इंटर्न होते. कॉलेजात मला लोक हुशार म्हणत, त्यामुळे तो लाल कागद मनाला फार लागला.

काम साधं होतं. लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावरच्या हॉलमध्ये वृद्धांसाठी दुपारचं केंद्र चालायचं. दोन ते पाच. पेपर वाचायचे, कॅरम, थोडे व्यायाम, साडेचारला चहा. केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टला ते चालू ठेवावं की त्या हॉलमध्ये कम्प्युटरचे वर्ग घ्यावेत, हे ठरवायचं होतं. चाळीतल्या लोकांना विचारून दोन पानांचा सारांश द्या, असं त्यांनी आमच्या संस्थेला सांगितलं होतं.

मी लिहिलं होतं, ‘हे उपयुक्त केंद्र चालू राहावं असं आपल्याला वाटतं का?’ मॅडम म्हणाल्या, उपयुक्त हे तूच ठरवून टाकलंस, आता समोरचा नाही कसा म्हणेल? दुसरा प्रश्न होता, केंद्राची वेळ आणि जागा सोयीची आहे का. वेळ सोयीची आणि जागा गैरसोयीची असेल तर माणसाने कुठे खूण करायची? शेवटी प्रश्न असे झाले: गेल्या आठवड्यात घरातलं कोणी केंद्रात गेलं होतं का, किती दिवस, गेलं नसेल तर का नाही. आठवा प्रश्न मोकळा ठेवला: केंद्र बंद झालं तर दुपारी काय कराल? आधी आमच्या शिपाईमामांना आणि त्यांच्या सासूबाईंना विचारून पाहिलं. सासूबाई कुठे अडखळल्या ते बघून आणखी दोन शब्द बदलले.

मग खोल्या निवडायच्या. चाळीच्या दहा इमारती, प्रत्येकीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर दहा खोल्या. एकूण चारशे. सगळ्यांना विचारणं शक्य नव्हतं, म्हणून दर दहावी खोली घ्यायची ठरली. सुरुवात कुठून करायची त्यासाठी एक ते दहाच्या चिठ्ठ्या केल्या आणि शिपाईमामांना एक उचलायला लावली. दहा निघाला. सगळं पुस्तकातल्याप्रमाणे. मी यादी केली, मॅडमनी ती पाहिली आणि सही केली.

पंधरा दिवस मी त्या चाळीत चपला झिजवल्या. बरीच दारं दुपारी बंद असायची. बंद दार दिसलं की शेजारच्या उघड्या दारात शिरायचं नाही, हे मला बजावलेलं होतं, म्हणून संध्याकाळी आणि रविवारी पुन्हा गेले. दार उघडायचे ते बहुतेक तरुण मुलगे. मॉलमध्ये किंवा कुठल्या तरी ऑफिसात कामाला, तिघे-चौघे मिळून राहणारे. केंद्र म्हणताच विचारायचे, कुठलं केंद्र? मी इमाने इतबारे ‘कोणी गेलं नाही’ वर खूण करत होते.

सारांश लिहून झाला. केंद्राचा वापर फारच कमी आहे, असं त्यात स्पष्ट होतं. मॅडमची एक पद्धत होती. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय कागद पुढे जायचा नाही. ट्रस्टची बैठक सोमवारी होती, त्याआधीच्या मंगळवारी मी केंद्रात वाचायला गेले.

वीस-बावीस म्हातारी माणसं ऐकत होती. मी वाचून थांबले तेव्हा सगळे माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटलं. कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या, त्या रोज सगळ्यांना मोठ्याने पेपर वाचून दाखवायच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगा पुण्याला असायचा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, कुठल्या कुठल्या खोल्या घेतल्यास? मी यादी वाचली. दहा, वीस, तीस, चाळीस. पुढच्या इमारतीत पुन्हा दहा, वीस, तीस, चाळीस.

“बाय, या तर सगळ्या संडासाबाजूच्या खोल्या,” त्या म्हणाल्या. “त्या वासात कोण राहतंय? मालक डोंबिवलीला गेले आणि पोरांना भाड्याने दिल्या. आमच्यातल्या कोणाचं दार तू वाजवलंसच नाय गो.”

नंबर जिन्यापासून सुरू व्हायचे आणि गॅलरीच्या टोकाला संपायचे. प्रत्येक मजल्यावर दहावी खोली म्हणजे टोकाची खोली. पंधरा दिवस मी नाकाला रुमाल लावून फिरत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दादरला परत जाताना मनात एक नको तो विचार आला, तोही कबूल करते. यादीवर मॅडमची सही होती. मी काही बोलले नसते तर ऑफिसात किंवा ट्रस्टमध्ये कोणाला कळलंही नसतं. पण कागदाकडे बघणारी ती वीस-बावीस माणसं डोळ्यासमोरून जात नव्हती. मी मॅडमना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, “मीही इमारतीचा नकाशा मागितला नाही. चूक दोघींची आहे. पाच दिवस आहेत, चल.”

या वेळी दर दहावी वगैरे काही नाही. चारशे खोल्यांच्या चारशे चिठ्ठ्या केल्या, डब्यात घालून हलवल्या आणि चाळीस काढल्या. मॅडम स्वतः माझ्याबरोबर जिने चढल्या, गुडघे धरून.

आजींची खोली निघाली नाही. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मला कसंसंच झालं. ज्यांनी चूक दाखवली त्यांनाच घ्यायचं नाही? पण मी ओळखीची माणसं घालायला लागले असते तर पुन्हा तेच झालं असतं, फक्त उलट्या बाजूने. मी त्यांना समजावलं की ज्यांची खोली निघाली ते तुमच्याही वतीने बोलतील. त्यावर त्या म्हणाल्या, मग खोली निघालेल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला जरा मोठ्याने विचार, तिला ऐकू कमी येतं.

तरीही मी एक कोरा फॉर्म काढला, त्यांच्याजवळ बसले आणि आठही प्रश्न विचारले. हा मोजला जाणार नाही, हे आधीच सांगितलं. शेवटचा प्रश्न होता, केंद्र बंद झालं तर दुपारी काय कराल? “दार उघडं ठेवून बसेन,” त्या म्हणाल्या. “कोण ना कोण जाईलच समोरून.”

नव्या सारांशात केंद्रात जाणारी घरं पुष्कळ होती. वरच्या मजल्यावरच्या काहींनी गुडघ्यांमुळे येणं सोडलं होतं, तेही लिहिलं. किती खोल्या शेवटपर्यंत बंद राहिल्या ते लिहिलं, आणि हे निष्कर्ष फक्त या चाळीपुरते आहेत, हेही. पहिल्या यादीची चूक मॅडमनी स्वतःच्या हाताने तळटीपेत घातली. ट्रस्टने केंद्र वर्षभर चालू ठेवायचं ठरवलं, पुढचं पुढे बघू म्हणाले.

मी केंद्रात जाऊन नवा कागद वाचला. वाचून झाल्यावर आजी माझ्याजवळ आल्या. यात मी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही यात नाही आहात, आजी.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “तू विचारलंस ना. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं.”