रिबिनीवरचं नाव

रेवदंड्यात माझं फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. जेपीजी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांवर माझा राग जुना. मूळ फाइलमध्ये अक्षरं सुटी असतात, बदलता येतात. जेपीजीत अक्षरं, फुलं, देव, सगळं एकाच चित्रात मुरलेलं. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं.

नारळी पौर्णिमेच्या आधी कोळीवाड्यातली एक बाई होडीच्या पूजेचं असंच पोस्टर फोनमध्ये घेऊन आली. नवरा वारल्यावर होडी तिच्या नावावर झाली होती, तांडेल म्हणून ती चालवायचा दीर. पोस्टर त्यानेच अलिबागेत करून घेतलं होतं आणि वरच्या लाटेसारख्या लाल रिबिनीवर मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं.

"तिथं माजं नाव टाक," ती म्हणाली. "त्याचं खाली, तांडेल म्हनून. पन बदललंय ते दिसता कामा न्हाय. बंदरावर बोभाटा व्हईल, आनि होडी तर त्यालाच चालवायचीय."

मी कुरकुरत बसले. जुनी अक्षरं पुसून रिबिनीचा लाल रंग घड्यांच्या सावल्यांसकट भरला. मग पेन टूलने रिबिनीच्या वळणावर रेघ काढून तिच्यावर नाव टाईप केलं. लाटेच्या उंचवट्यावर शिरोरेषा तुटून अक्षरं फाकली, खोलगटात एकमेकांवर चढली.

"माजं नाव मोडलंस की गं!"

मी चिडून चहा मागवला, आणि तो पिताना उमगलं. मी रेघ अक्षरांच्या पायाशी काढली होती. इंग्रजी अक्षरं रेघेवर उभी राहतात, आपली रेघेला लटकतात. नवी रेघ शिरोरेषेच्या जागी काढली आणि अक्षरं तिच्याखाली उतरवली. माथे जुळले. उरल्यासुरल्या फटी त्याच रेघेला जाडी देऊन बुजवल्या. नवं नाव जुन्या चित्रात फार लख्ख दिसत होतं, म्हणून जरा धूसर केलं. खाली दिराचं नाव सरळ ओळीत, ते सोपं होतं.

पूजेच्या दिवशी मीही बंदरावर गेले. खरं सांगते, भीती वाटत होती. फ्लेक्स होडीला बांधला होता. दीर समोर उभा राहून वाचत होता. मग पुढे होऊन त्याने रिबिनीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. भावजय नारळ हातात धरून उभी होती.

मागून कुणीतरी विचारलं, "काय रं, मालक तू न्हवं?"

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"न्हाय. पयल्यापासून हिचंच नाव हाय," तो म्हणाला, आणि फ्लेक्सची सुटलेली दोरी बांधायला वाकला.