चार ओंडक्यांचं पत्र

सन चोपन्नची गोष्ट. चांद्यातल्या एका लाकूड कंपनीत भैयाजी गुरनुले हेडक्लार्क होते. माणूस इमानी, पण रागीट. डेपोवर लाकूड मोजून नोंद ठेवणारे मुन्शी निवडायचं काम त्यांच्याकडे असे.

त्या वर्षी एका जागेसाठी शेवटी दोघं उरले, चांद्याचा पत्रू आणि धानोऱ्याकडचा मुखरू मडावी. परीक्षेत दोघांनी दहा-दहा ओंडके मोजले. पत्रूचे दहाही बरोबर आले. मुखरूचे चार चुकले.

"मुखरूले कळवतो," भैयाजी मॅनेजरला म्हणाले.

"कशाला? उत्तर आलं नाही की समजेल त्याला."

भैयाजींचं डोकं फिरलं. "दोन दिवस पायी चालत आला होता तो, साहेब! वाट पाहत बसवाचं काय त्याले?"

"मग दोन ओळी लिहा. जागा भरली म्हणा."

भैयाजींनी दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. मग दात खाऊनच दुसरा कागद घेतला.

"श्री. मुखरू मडावी यांस नमस्कार. मुन्शीच्या जागेसाठी आपली निवड झाली नाही, हे कळवताना वाईट वाटते. झाडाची जात नुसत्या सालीवरून ओळखण्यात आपण सर्वांत पुढे होता. पण चार ओंडक्यांची गोलाई आपण बुडाशी मोजली. ती मधोमध मोजायची असते. एक ओंडका बारा फूट लांब, मधली गोलाई अठ्ठेचाळीस इंच; रीतीप्रमाणे तिचा चौथा हिस्सा एक फूट, त्याचा वर्ग गुणिले लांबी, म्हणजे बारा घनफूट. बुडाशी गोलाई छप्पन्न इंच भरली, म्हणून आपला हिशेब सोळाच्या वर गेला. आपली आकडेमोड बरोबर होती, फीत चुकीच्या जागी होती. रोज पाच ओंडके मोजून सराव करावा. दिवाळीनंतर आणखी एक जागा निघेल. वचन देत नाही, पण अर्ज केल्यास पुन्हा परीक्षा घेऊ."

पंधरा दिवसांनी मुखरू ते पत्र मुठीत चुरगाळून कचेरीत शिरला.

"पत्रूले काऊन घेतलं? गावातला म्हणून ना? अन् मले चुका लिहून धाडता! जंगलातल्या माणसाले लाकूड शिकवता?"

"चाल!" भैयाजी ओरडले. त्यांनी त्याला डेपोत नेलं आणि फीत त्याच्या हातात आदळली. "तोच ओंडका आहे. मोज दोन्हीकडे!"

मुखरूने बुडाशी मोजलं, मग मधोमध मोजलं. मनात हिशेब केला. त्याचे कान लाल झाले.

"त्या दिशीच काऊन नाई सांगतलं?"

"निकाल तिसऱ्या दिवशी लागला. तू तोवर निघून गेला होता."

मुखरूचा राग काही गेला नाही. "तुमच्या कंपनीत आता अर्ज नाई करत," म्हणाला, आणि पत्र सरळ करून घडी घालून खिशात ठेवलं.

दिवाळीनंतर तो दुसऱ्या ठेकेदाराकडे परीक्षेला बसला. तिथं त्याचे दहाही ओंडके बरोबर आले आणि तो मुन्शी झाला.

ही बातमी कळताच भैयाजी मॅनेजरच्या टेबलापुढे उभे राहिले. "सालीवरून झाड ओळखणारा माणूस गेला दुसऱ्याकडे! दिवाळीनंतरची जागा तवाच काढून त्याले घेतलं असतं तर आपल्याकडे असता." मॅनेजर वैतागून कागदांत डोकं खुपसून बसला. भैयाजी दार आपटून बाहेर पडले, आणि त्या मोसमात शेवटच्या फेरीत येऊन निवड न झालेल्या प्रत्येकाला त्यांनी पानभर पत्र लिहिलं, कोणाला न विचारता.