हाड शाबूत होतं

नेरचा तो मेकॅनिक माझ्या यवतमाळच्या ओपीडीत बायकोच्या खांद्यावर हात टाकून आला, तेव्हा पडल्याला दीड महिना झाला होता. पन्नाशीचा, दणकट माणूस. बरीच वर्षं मधुमेहाच्या गोळ्या चालू. बसताना त्याने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून खुर्चीसमोर ठेवला.

"कसे पडलात?" मी विचारलं.

"गाडीवरून गिअरबॉक्स उतरवून राह्यलो होतो, मॅडम. फळीवरून पाय सटकला. गुडघा अर्धा मुडला अन् सारं वजन त्याच्यावरच आलं. सावराले म्हणून मांडी आवळली, तं फट्‍दिशी आवाज. पट्टा तुटते ना इंजिनचा, तसा. मले वाटलं, गुडघ्यावर कोणं काठी मारली."

गावातल्या डॉक्टरने एक्सरे काढला होता. हाड शाबूत आहे, मुका मार आहे, असं सांगून क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. ते दोघं पुन्हा गेले. पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्ही घाबरता म्हणून पाय उचलत नाही.

"मी सांगतलं त्याइले," बायको म्हणाली, "घाबरत नाही हो हे. उचलतच नाही पाय. रोज पडून राह्यले घरात. पण हड्डी बराबर आहे म्हणे, मंग बाईचं कोण आयकते?"

मी त्याला उताणं झोपवलं. "गुडघा सरळ ठेवून टाच पलंगावरून उचला."

त्याने दात आवळले. मांडीचा स्नायू वर गोळा झाला, पण टाच चादरीवरून हलली नाही. गुडघ्याच्या वाटीच्या वर बोट ठेवलं तर ते आत गेलं. जिथे मांडीच्या स्नायूचा जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, वाटीला घट्ट धरून असतो, तिथे पोकळी होती. सुरुवातीला रक्त साकळून आणि सूज येऊन ही पोकळी बोटाला लागत नाही, हे मला मान्य आहे. पण टाच उचलायला सांगण्यासाठी सूज ओसरावी लागत नाही.

मग मी त्यांनी पिशवीतून आणलेला जुना एक्सरे प्रकाशासमोर धरला. वाटी जागेवरून खाली घसरली होती. वरचा कंडरा तुटला की ती खाली येते, खालचा तुटला की वर चढते. पहिल्याच दिवशीच्या फिल्मवर ते दिसत होतं. फिल्म बघणाऱ्याने फक्त हाडं मोडलीत का एवढंच बघितलं होतं.

शेजारच्या खोलीत सोनोग्राफी केली. आधी चांगल्या पायाची, म्हणजे फरक कळावा. तिथे कंडऱ्याचे धागे विंचरल्यासारखे सलग दिसले. उजव्या पायात ते मधेच संपत होते, पुढे काळी मोकळी जागा, आणि तुटलेलं टोक वर मांडीत ओढलं गेलं होतं. अर्धवट तुटला असता तर गुडघा सरळ धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावर भागलं असतं. हा पूर्ण तुटला होता.

मी त्याच खोलीतून त्या डॉक्टरला फोन लावला. ओळखीचा होता.

"त्याला पाय उचलायला सांगितलं होतंस का?"

"मॅडम, सूज खूप होती. दुखत होतं त्याला."

"मी दुखण्याचं विचारत नाहीये. सांगितलं होतंस का?"

"गर्दी किती असते तुम्हाला माहीत आहे."

"पाय उचल म्हणायला किती वेळ लागतो?"

मी फोन ठेवला.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं असतं, तर टोक खाली आणून वाटीला सरळ शिवता आलं असतं. आता ऑपरेशनमध्ये मांडीत चिकटलेलं टोक सोडवायला मला फार वेळ लागला, आणि ओढूनही ते वाटीपर्यंत पोचेना. वरच्याच कंडऱ्याचा एक पदर उलटा खाली वळवून अंतर भरावं लागलं. वाटीत भोकं पाडून त्यातून जाड दोरे ओवले. मग लांब पट्टा, आणि कित्येक महिने व्यायाम.

आता तो काठीशिवाय चालतो. पण गुडघा शेवटी थोडा सरळ व्हायचा राहतो, आणि उकिडवं बसता येत नाही. गाडीखाली शिरण्याचं काम सुटलं. तो स्टुलावर बसून दुसऱ्यांना सांगतो.

तपासणीला आला तेव्हा म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. अल्लाची मर्जी."

बायकोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने मला विचारलं, "पैल्याच आठवड्यात तुमच्याकडं आलो असतो, तं बसता आलं असतं याइले?"

डॉक्टर लोक एकमेकांना सांभाळून घेतात. अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला पाठ असतं. मी ते बोलले नाही.

"बहुतेक आलं असतं," मी म्हणाले.

ती उठली, त्याची चप्पल सरळ केली, आणि म्हणाली, "आज जातो मंग आमी त्या गावातल्या डॉक्टरच्या दवाखान्यात. विचाराले."

मी तिला थांबवलं नाही.