भाईंच्या शिल्लक रजा

मी रत्नागिरीच्या एका पतसंस्थेत आस्थापना सांभाळते. म्हणजे लोकांचे पगार, रजा आणि भांडणं. तोंड माझं फटकळ आहे, सगळे घाबरून असतात. आमचे कॅशियर तेवढे कधीच घाबरले नाहीत. त्यांना सगळे नुसतं भाई म्हणतात.

भाई माझ्या टेबलापाशी आले तेव्हा राजीनामा देऊन चुकले होते. पत्र मॅनेजरसाहेबांकडे होतं, संचालकांची सभा पुढच्या आठवड्यात.

"ताई, माझ्या शिल्लक रजेचे किती मिळतील, तेवढं सांगा."

राजापूरकडच्या गावी त्यांची आई घरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. आता अंथरुणावर. धाकटा भाऊ कुवेतला, आणि म्हातारी घर सोडून रत्नागिरीला यायला तयार नाही. रजेच्या पैशावर वर्षभर काढायचं आणि आईजवळ बसायचं, असा भाईंचा हिशोब.

मी त्यांची रजा बघितली. अर्जित रजा दोनशे चाळीस दिवस, म्हणजे काठोकाठ. आमच्याकडे त्यापुढे साठत नाही, दरवर्षी वरची बुडते. भाईंची किती वर्षं बुडत होती कोण जाणे.

"पगार बेचाळीस हजार, म्हणजे आठ महिन्यांचे तीन लाख छत्तीस हजार ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो भाई. पूर्ण पगार नाही धरत. मूळ पगार आणि महागाई भत्ता, एवढंच. तुमचे चोवीस आणि बारा, झाले छत्तीस हजार. त्याला भागिले तीस, रोजचे बाराशे. गुणिले दोनशे चाळीस. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. घरभाडं, बाकीचे भत्ते यात येत नाहीत."

त्यांचा चेहरा पडला. "बरं," एवढंच म्हणाले. मला त्या 'बरं'चा भयंकर राग आला. माणसाने निदान माझ्याशी वाद तरी घालावा!

मग त्या काठोकाठ आकड्याकडे बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे गणपतीच्या आधी रजेचा कागद टेबलाटेबलावर फिरतो. ज्याच्या घरी गणपती, त्याने नाव लिहायचं. कागद भाईंच्या काउंटरपाशी आला की पुढे सरकायचा, कुणी विचारायचंच नाही. आम्ही पाच-पाच, सात-सात दिवस गावाला, आणि पतसंस्था भाईंच्या जिवावर उघडी. मेमध्ये आमचे आंबे, तेव्हाही तेच. ईदेला भाई दोन दिवसांची किरकोळ रजा घेत आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना शीरखुर्मा आणत. आम्ही वाट्या चाटूनपुसून संपवायचो.

"भाई," मी म्हटलं, "तुम्ही वेडे आहात काय?"

ते दचकले.

"राजीनामा कशाला दिलात? रजा घ्या की! एका वेळी चार महिने मंजूर होतात, पूर्ण पगारी, घरभाड्यासकट. उरलेली रजा खात्यावर तशीच राहील, पुढे नोकरी सोडाल तेव्हा तिचे पैसे मिळतील. आणि मुख्य म्हणजे नोकरी राहील."

"चार महिने?" भाई म्हणाले. "एवढी रजा कशी मागायची, ताई? लोकांची अडचण होते. गणपती तोंडावर आलेत."

 मी ओरडले. "द्या रजेचा अर्ज! राजीनामा मागे घेत आहे म्हणून लिहा आधी. सभेने मंजूर केला तर मग मीच काय, कुणीच काही करू शकणार नाही."

मॅनेजरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, पण गणपतीत कॅश कोण बघणार?"

"मी बघते," म्हटलं. घरी सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, मोदक कोण करणार? म्हटलं, तू कर, हात आहेत ना?

त्याने केले. फुटले सगळे.

गौरीच्या दिवशी संस्थेत मी आणि शिपाई, दोघंच. रस्ता सामसूम. नोटा मोजता मोजता वाटलं, इतकी वर्षं हे असं रिकामं बसणं एकट्या भाईंनी केलं, आणि आम्ही परत आलो की वर त्यांनाच विचारायचो, काय भाई, आराम ना?

दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, तुमचे गणपती राहिले ना हो?"

"माझे गणपती घरीच आहेत, पळून नाही जात. आई कशी आहे?"

"विसरायला लागली आहे. रोज सकाळी विचारते, आज तुला कामावर नाही जायचं? मी म्हणतो, आज रजा आहे. मग ती विचारते, आणि उद्या? ताई, पहिल्यांदाच तिला सांगता येतं, उद्यापण आहे."